नुसतं 'पर्याय ३ बरोबर' पुरत नाही

स्पर्धा परीक्षांच्या ग्रुपवर एक गणित हमखास फिरतं. दुकानदाराने दोन पंखे प्रत्येकी ९९० रुपयांना विकले. एकावर १० टक्के नफा झाला, दुसऱ्यावर १० टक्के तोटा. एकूण व्यवहारात काय झालं? कुणीतरी लगेच लिहितं, 'ना नफा, ना तोटा', खाली चार अंगठे पडतात आणि उत्तर वहीत उतरतं.

अशा वेळी 'चूक आहे, पर्याय ३' एवढंच लिहिलं, तर ग्रुपवर दोन उत्तरं होतात आणि लोक ओळखीच्या नावावर विश्वास ठेवतात. म्हणून मूळ मेसेजलाच रिप्लाय देऊन असं लिहावं:

'या गणिताचं उत्तर १ टक्का तोटा. पहिल्या पंख्याची खरेदी ९९० ÷ १.१० = ९०० रुपये, दुसऱ्याची ९९० ÷ ०.९० = ११०० रुपये. एकूण खरेदी २०००, विक्री १९८०. तोटा २० रुपये, म्हणजे २००० वर १ टक्का. शेकडा नफा-तोटा खरेदीवर काढतात. ९०० चे १० टक्के ९०, ११०० चे ११०, म्हणून ते एकमेकांत कटत नाहीत. दोन्ही पंख्यांची खरेदी सारखी असती, तर "ना नफा, ना तोटा" बरोबर होतं. आधीचा मेसेज कुठे फॉरवर्ड केला असेल, तर हाही करा.'

यातलं सगळ्यांत मोलाचं वाक्य 'खरेदी सारखी असती तर' हे. चुकलेल्याने गणित वेगळं वाचलं होतं. विक्री सारखी दिली असताना त्याने खरेदी सारखी धरली. नेमकं कुठे घसरलं ते कळलं, की पुढच्या वेळी तो प्रश्नातला तो शब्द आधी शोधतो. फॉरवर्डचं वाक्यही गरजेचं, कारण मूळ मेसेज डिलीट केला तरी पुढे गेलेल्या प्रती तशाच राहतात.

कारण समजलं की नुसतं उत्तर पाठ झालं, हे आकडे बदलून कळतं. विक्री प्रत्येकी ९६० आणि नफा-तोटा २० टक्के केला, तर खरेदी ८०० आणि १२०० निघते. तोटा ८० रुपये, म्हणजे ४ टक्के. क्लासमधली 'टक्क्यांचा वर्ग भागिले १००' ही युक्तीही हेच सांगते. पण ती विक्री सारखी आणि टक्केही सारखे असतील तेव्हाच चालते. एकावर १० टक्के नफा आणि दुसऱ्यावर २० टक्के तोटा असेल, तर दोन्ही खरेदी किमती काढण्यावाचून गत्यंतर नाही.

एमपीएससी पहिली उत्तरतालिका लावून हरकती मागवते, तेव्हाही 'सगळे हेच म्हणतात' चालत नाही, आधार द्यावा लागतो. ग्रुपवरच्या दुरुस्तीलाही तोच नियम लावावा.