बीपनंतरचे पंचवीस सेकंद

आपल्याकडे फोन उचलला नाही की मिस्ड कॉल उरतो. अमेरिकेत निरोप उरतो. चार-पाच रिंग होतात, समोरच्याचा आधीच रेकॉर्ड केलेला आवाज येतो, मग बीप वाजते आणि त्यापुढे तुम्ही जे बोलाल ते त्याच्या फोनमध्ये साठतं. हा व्हॉइसमेल. आपल्या मोबाइलवर ही सोय कधी रुजलीच नाही, त्यामुळे पुण्यात बसून अमेरिकन कारखान्यांना काम विकणारी मुलं पहिल्या आठवड्यात बीपला हमखास अडखळतात. मीही अडखळले होते. बीप झाल्यावर "हॅलो? ऐकू येतंय का?" एवढं विचारून फोन ठेवला होता.

बाणेरमधली छोटी कंपनी होती ती. कागदावरची जुनी इंजिनिअरिंग ड्रॉइंग्ज संगणकात थ्रीडी मॉडेल म्हणून उतरवून द्यायची. गिऱ्हाइकं म्हणजे ओहायो, मिशिगनकडचे पंप आणि व्हॉल्व्ह बनवणारे मध्यम कारखाने. तिथला इंजिनिअरिंग मॅनेजर अनोळखी नंबर उचलत नाही. त्याला दिवसभर विमा, कर्ज, गाडीची वॉरंटी विकणारे फोन येत असतात, त्यामुळे यात त्याचा काही दोषही नाही. आमचे बहुतेक फोन थेट बीपवरच पोचायचे.

सुरुवातीला मला वाटायचं, निरोप ठेवायचा तो त्यानं उलट फोन करावा म्हणून. कोणी करत नव्हतं. बऱ्याच उशिरा लक्षात आलं की निरोपाचं काम वेगळंच आहे. निरोपानंतर पाच मिनिटांत ईमेल जाते. इनबॉक्समध्ये आलेलं परकं नाव त्यानं आत्ताच ऐकलेलं किंवा वाचलेलं असतं, म्हणून ती ईमेल उघडली जाण्याची शक्यता वाढते. उत्तर द्यायचं झालं तर तो ईमेललाच देतो. दोन ओळी टाइप करणं परक्या विक्रेत्याशी बोलण्यापेक्षा सोपं. निरोप म्हणजे ईमेलच्या आधी दिलेली टकटक.

हे एकदा पटलं की निरोपातलं बरंच काही गळून पडतं. कंपनीचा इतिहास, किती वर्षांचा अनुभव, कुठली प्रमाणपत्रं, हे सगळं जातं. पंचवीस सेकंदांत, न धावता, साठ-पासष्ट शब्द बसतात. समजा क्लीव्हलँडजवळच्या एका पंप कारखान्याच्या संकेतस्थळावर ड्राफ्ट्समनची जाहिरात दोन महिने तशीच आहे. त्या मॅनेजरसाठीचा पहिला निरोप असा. बोलणं अर्थात इंग्रजीत, इथे मराठीत देते:

"हॅलो, तुमच्या ड्राफ्ट्समनच्या जाहिरातीबद्दल बोलतेय. माणूस मिळेपर्यंत जुन्या ड्रॉइंग्जचं काम साठत असेल, तर तेवढंच काम आम्ही करून देतो. मी अमुक, भारतातून, अमुक कंपनीतून. उलट फोन करायची गरज नाही. आत्ता एक ईमेल पाठवते, विषयात 'ड्राफ्ट्समन' हा शब्द आहे. हो की नाही, एवढंच कळवा. माझा नंबर..." मग नंबर दोनदा, दुसऱ्यांदा अगदी सावकाश.

यात कारण आधी आणि नाव नंतर आहे. आपल्या रीतीला हे उर्मट वाटेल. आपण आधी कोण, कुठून ते सांगतो. पण तिथे आता निरोप ऐकण्याआधी वाचला जातो. आयफोन बोलण्याचं लिखाण करून पडद्यावर दाखवतो, आणि 2023 च्या आयओएस 17 पासून तर तुम्ही बोलत असतानाच ते शब्द त्याच्यासमोर उमटू शकतात. वाटलं तर तो मध्येच फोन उचलतो. त्याची नजर पहिल्या ओळीवर असते. तिथे 'ड्राफ्ट्समन' दिसला तर तो दुसरी ओळ वाचेल. परक्या कंपनीचं नाव दिसलं तर बोट पुसायच्या बटणाकडे जाईल.

शिवाय हे लिखाण यंत्र करतं आणि आपले उच्चार त्याला नेहमी झेपतात असं नाही. आमच्या कंपनीचं संस्कृत नाव प्रत्येक फोनवर वेगळं उमटायचं. एकदा ते कुठल्याशा औषधासारखं दिसलं. ही गोष्ट कळली ती न्यू जर्सीतल्या मावसभावामुळे. त्याच्या फोनवर मी निरोप ठेवला आणि त्यानं पडद्याचा फोटो पाठवला. तेव्हापासून नवा मजकूर आधी दादाच्या फोनवर. जो शब्द पडद्यावर बिघडतो, तो निरोपातून काढून ईमेलमध्ये टाकायचा. बोलताना मध्ये थांबायचंही नाही, कारण बरीच यंत्रं शांततेला निरोपाचा शेवट समजतात.

आता वेळापत्रक. उन्हाळ्यात क्लीव्हलँड आपल्यापेक्षा साडेनऊ तास मागे असतं, नोव्हेंबरच्या पहिल्या रविवारपासून मार्चच्या दुसऱ्या रविवारपर्यंत साडेदहा तास. हा बदल विसरून मार्चात सकाळच्या म्हणून लावलेला फोन तिकडे एक तास उशिरा, नेमका मीटिंगच्या वेळी पोचतो.

त्या पंप कारखान्यासाठी आम्ही बावीस दिवस धरू. पहिल्या दिवशी तिकडच्या पावणेआठला, म्हणजे आपल्या सव्वापाचला, फोन करायचा, पण निरोप ठेवायचा नाही. कारखान्यातली माणसं लवकर येतात, आणि शिफ्ट सुरू होण्याआधीच्या त्या पंधरा मिनिटांत कधीकधी ती खरंच उचलतात. नाही उचलला तर दुपारी पुन्हा एकदा, या वेळी वरचा निरोप आणि लगोलग ईमेल. तिसऱ्या दिवशी त्याच ईमेलच्या धाग्यात दोन ओळी, म्हणजे आधीचा मजकूर खाली राहतो. पाचव्या दिवशी वेगळ्या वेळी फोन, निरोपाशिवाय. आठव्या दिवशी दुसरा निरोप:

"मागच्या आठवड्यात ड्राफ्ट्समनबद्दल ईमेल केली होती. आज त्याच ईमेलखाली एक नमुना जोडलाय: एक जुनं कागदी ड्रॉइंग आणि त्याचं मॉडेल, शेजारी शेजारी. तुमची पाच ड्रॉइंग्ज अशीच विनामूल्य करून देऊ, मोजमापं तुम्ही तपासा. उत्तर त्याच ईमेलला."

दुसऱ्या निरोपात काहीतरी नवं असलंच पाहिजे. "फक्त आठवण करून द्यायला फोन केला" हे वाक्य विक्रीच्या धंद्यात सर्वांत जास्त बोललं जातं आणि त्याला सांगण्यासारखं काहीच नसतं. माझं वैयक्तिक मत, नवीन काही नसेल तर त्या आठवड्यात गप्प बसावं.

चौदाव्या दिवशी त्याच्या मोबाइलवर नव्हे, कारखान्याच्या मुख्य नंबरवर फोन. रिसेप्शनवरच्या बाईंना विकायचं काही नाही, एकच प्रश्न, "ड्रॉइंग बाहेर देण्याचा निर्णय हेच घेतात का?" कैक वेळा इथेच कळतं की आपण दोन आठवडे भलत्याच माणसाच्या मागे होतो. बाविसाव्या दिवशी शेवटचा निरोप आणि ईमेल: "हा माझा शेवटचा फोन. हे काम बाहेर द्यायचं नसेल तर मी तुमचं नाव यादीतून काढते. दुसरं कोणी बघत असेल तर त्यांचं नाव कळवा." आणि मग खरोखर थांबायचं. शेवटचा म्हणून पुढच्या सोमवारी परत फोन करणारी मुलं मी पाहिलीत. त्यांना मग ईमेलवर जे उत्तर येतं ते इथे छापता येणार नाही.

मोजलं तर सहा फोन, तीन निरोप, चार ईमेल. प्रत्येक फोनला निरोप ठेवला असता तर त्याचा फोन आमच्याच आवाजानं भरला असता. आणि एकही निरोप न ठेवता दिवसातून चारदा फोन केला, तर कंपन्यांची छाननी करणारी यंत्रणा तो नंबर संशयित ठरवते. टी-मोबाइलच्या ग्राहकाला तर पडद्यावर "Scam Likely" असंच दिसतं. ओळखायचं कसं? एखाद्या आठवड्यात फोन रिंग न होताच बीपवर जाऊ लागले की समजावं.

एक पळवाट मात्र घेऊ नये. बटण दाबलं की फोन न वाजताच रेकॉर्ड केलेला निरोप हजारो मोबाइलमध्ये टाकणाऱ्या सेवा मिळतात. अमेरिकेच्या दूरसंचार आयोगानं नोव्हेंबर 2022 मध्ये स्पष्ट केलं की असा निरोपही 1991 च्या टेलिफोन ग्राहक संरक्षण कायद्याखाली फोनच धरला जाईल, म्हणजे आधी संमती हवी. या कायद्यात एकेका फोनमागे 500 डॉलर, जाणूनबुजून केला असेल तर 1500 डॉलरपर्यंत भरपाई मागता येते. ईमेललाही नियम आहेत: खोटा विषय नको, खाली खरा टपाली पत्ता हवा, आणि नको म्हणणाऱ्याचं नाव दहा कामकाजी दिवसांत काढायला हवं. 'आपलं बोलणं झालं होतं त्याप्रमाणे' अशा सुरुवातीची ईमेल म्हणून टाळावी. बोलणं झालेलं नसतं.

उपयोग होतोय की नाही हे कशावरून ठरवायचं? ईमेल किती जणांनी उघडली या आकड्यावरून नाही. ॲपलची मेल सुविधा 2021 पासून ईमेलमधली चित्रं आपणहून आधीच उतरवून ठेवू शकते, त्यामुळे न वाचलेली ईमेलही 'उघडली' म्हणून मोजली जाते. आम्ही दीडशे कारखान्यांची यादी घेऊन निम्म्यांना निरोप आणि ईमेल, निम्म्यांना फक्त ईमेल पाठवायचो आणि आलेली उत्तरंच मोजायचो. "नको" हेही उत्तर. उलट फोन वेगळे लिहायचे, पण त्यांच्यावरून निरोपाला नापास करायचं नाही.

आपल्या इथल्या गिऱ्हाइकाला विकताना बीपच नसते. तिथे निरोपाची जागा व्हॉट्सॲपनं घेतली आहे, आणि न उचललेल्या फोननंतर लगेच गेलेला दोन ओळींचा मजकूर तेच काम करतो. ध्वनिमुद्रित निरोप मात्र अनोळखी माणसाकडून आला तर सहसा कोणी ऐकत नाही. लिहावं, आणि पहिली ओळ पुन्हा कारणाचीच असावी, कारण बंद पडद्यावरच्या सूचनेत तेवढीच दिसते.

उलट फोन कधीच येत नाहीत असंही नाही, आणि येतात तेव्हा तयारी नसते. आमच्या अमेरिकन नंबरवर तिकडच्या शुक्रवारी दुपारी चार वाजता एकानं फोन केला. पुण्यात शनिवारची पहाटेची दीड वाजली होती. नंबर कुठेही वळवलेला नव्हता, आणि त्याला आमच्या बाजूचा रेकॉर्ड केलेला आवाज ऐकू आला: एका आधीच्या मुलाचं नाव, जो तीन महिन्यांपूर्वी नोकरी सोडून गेला होता. सोमवारी आम्ही तो निरोप ऐकला. त्यात तो माणूस म्हणत होता की ड्रॉइंग्ज त्याच्याकडे नसतात, टूल रूमचे प्रमुख बघतात, त्यांना माझं नाव सांगा. खाली नंबर होता, दोनदा, दुसऱ्यांदा सावकाश.