एक मजूर, तीन नोंदी

बांधकामावरचा कॅमेरा सेकंदाला साधारण 25 चित्रं टिपतो. एखादा मजूर दहा सेकंद हेल्मेटविना दिसला, तर त्याची 250 चित्रं जमतात. ती सगळी मोजली, तर एका माणसाचे 250 गुन्हे होतील. म्हणून संगणक प्रत्येक मजुराला क्रमांक देतो आणि चित्रामागून चित्र त्याचा माग ठेवतो.

गफलत इथेच होते. 7 क्रमांकाचा मजूर खांबाआड जातो आणि बाहेर येताच 12 होतो. परांचीमागून पुन्हा दिसतो तेव्हा 19. माणूस एक, नोंदी तीन. हजेरीपटावर 40 जण असताना अहवालात 95 दिसले, तर माग तुटतोय हे ओळखावं.

दुसरी चूक उलटी. हेल्मेट हातात धरलेलं असतं, पण ते माणसाच्या चौकटीत दिसलं म्हणून यंत्र ‘घातलं आहे’ असं नोंदवतं. त्यासाठी हेल्मेट डोक्याच्या जागी आहे का, हे तपासावं लागतं. वाकून काम करणाऱ्याचं डोकं मात्र चौकटीच्या वरच्या भागात नसतं. तिथे आधी डोकं शोधावं, मग हेल्मेट. जाकिटाचंही तसंच: खांद्यावर टाकलेलं जाकीट घातलेलं धरू नये.