नाव न घेता काम सांगताना

‘पुण्यात मुख्यालय असलेल्या एका सरकारी बँकेच्या कर्जप्रक्रियेत आमूलाग्र सुधारणा केली.’ परिचयात अशी ओळ लिहिणाऱ्याला वाटतं, आपण बँकेचं नाव घेतलंच कुठं? पण २०२०च्या विलीनीकरणानंतर देशात सरकारी बँका उरल्या बारा, आणि त्यांतल्या एकीचंच मुख्यालय पुण्यात आहे. शिवाजीनगरला लोकमंगलवरून रोज जाणाऱ्याला ते वेगळं सांगावं लागत नाही. नाव गाळलं, पण गुपित उघडं पडलं ते पडलंच. शिवाय ‘आमूलाग्र सुधारणा’ म्हणजे नेमकं काय केलं, हे मात्र कुणालाच कळलं नाही.

सल्लागार, सॉफ्टवेअर इंजिनिअर, लेखापरीक्षक, दुसऱ्याच्या नावावर आत्मचरित्र लिहून देणारे लेखक, अशा अनेकांपुढे ही अडचण असते. कामाआधी त्यांनी गोपनीयतेच्या करारावर सही केलेली असते. कधी त्यात फक्त ग्राहकाची माहिती बाहेर न नेण्याची अट असते, तर कधी आपण त्यांच्यासाठी काम केलं एवढंही सांगायची मुभा नसते. पुढचं काम मिळतं ते मात्र मागच्या कामाच्या जोरावर. मग बहुतेक जण कंपनीच्या नावाच्या जागी ‘आघाडीची’ हे विशेषण बसवतात आणि सुटलो म्हणतात.

नाव काढल्यानं ओळख पुसली जात नाही, याचा प्रसिद्ध दाखला अमेरिकेतला आहे. मॅसॅच्युसेट्स राज्यातल्या सरकारी कर्मचाऱ्यांच्या विमा व्यवस्थेनं त्यांच्या आजारपणाच्या नोंदी नावं-पत्ते काढून संशोधनासाठी खुल्या केल्या होत्या. जन्मतारीख, लिंग आणि पिन कोड तेवढे राहू दिले होते. १९९७ साली एमआयटीत शिकणाऱ्या लतान्या स्वीनी यांनी केंब्रिज शहराची मतदारयादी वीस डॉलरला विकत घेतली आणि दोन्ही माहित्या शेजारी ठेवल्या. राज्याचे गव्हर्नर विल्यम वेल्ड यांची जन्मतारीख असलेले मतदार शहरात सहा निघाले. त्यांत पुरुष तीन, आणि वेल्ड यांच्या पिन कोडमधला एकच. गव्हर्नरांच्या आजारपणाची नोंद सापडली. तीन तपशिलांपैकी एकही एकटा गुपित फोडणारा नव्हता, पण तिघांनी मिळून ते फोडलं.

परिचयाची ओळ तपासायची ती याच पद्धतीनं. लिहिलेलं वर्णन किती जणांना लागू पडेल, ते मोजायचं. ‘सरकारी बँक’ म्हटलं तर बारा. रिझर्व्ह बँक ज्यांना देशाच्या अर्थव्यवस्थेसाठी अत्यंत महत्त्वाच्या मानते त्या बँकांपैकी एक म्हटलं तर अवघ्या तीन, म्हणजे नाव सांगितल्यासारखंच. ‘एक मोठी वित्तसंस्था’ म्हटलं की बँका, गृहकर्ज कंपन्या असं सगळंच त्यात येतं आणि आडोसा मिळतो. मात्र मोजताना परिचयाच्या बाकीच्या ओळीही धरायच्या. नोकरीची वर्षं, शहर, पूर्वीच्या कंपनीचं नाव आणि त्याच पानावरचा ग्राहकाच्या कार्यालयातला हसरा फोटो, हे सगळं वाचणारा एकत्रच वाचत असतो.

वर्णन असं सैल केलं, की ते पोकळ होण्याची भीती असते. ‘फॉर्च्यून ५०० यादीतल्या कंपनीसाठी काम केलं’ या ओळीमागे पाचशे कंपन्या दडू शकतात, पण ती वाचून लिहिणाऱ्याबद्दल काहीच समजत नाही. म्हणून संस्थेबाबत जेवढी ओळ मोघम, तेवढीच कामाबाबत ती नेमकी हवी. प्रत्यक्षात बहुतेक परिचयांत हे नेमकं उलटं झालेलं दिसतं.

समजा, एक सल्लागार आहे. एका बँकेच्या गृहकर्ज विभागात तिनं दीड वर्ष काम केलं. तिची पहिली ओळ अशी : ‘एका आघाडीच्या खासगी बँकेत गृहकर्जाच्या मंजुरीचा वेळ ११ दिवसांवरून ४ दिवसांवर आणला.’ ओळ भारदस्त आहे. पण त्याच बँकेनं शहरभर ‘४ दिवसांत गृहकर्ज’ अशी होर्डिंगं लावली असतील, तर हा आकडाच नाव सांगून जातो. गुपित बऱ्याचदा आकड्यातूनच फुटतं. वार्षिक अहवालात, जाहिरातीत किंवा बातमीत आलेला आकडा परिचयात जसाच्या तसा उतरला, की शोधणाऱ्याचं काम संपलं. त्यामुळे इथं मूळ आकडे सोडून त्यांचं प्रमाण द्यावं, तेही ढोबळ : वेळ ‘सुमारे एक-तृतीयांशावर’ आला.

आता वाचणाऱ्याला आणखी दोन गोष्टी हव्यात. हे घडलं कसं आणि त्यात हिचा वाटा किती? गृहकर्जात वेळ खाणारी दोन कामं असतात. मालमत्तेच्या मालकीहक्काचा शोध वकील घेतो आणि तिचं मूल्यांकन व्हॅल्युअर करतो. बँकेत दुसरं काम पहिलं संपल्यावर सुरू होत होतं. तिच्या गटानं दोन्ही एकदमच सुरू केली आणि अपुऱ्या कागदांची फाइल पहिल्याच टेबलावरून परत पाठवायची पद्धत बसवली. यात बँकेचं गुपित असं काही नाही, कर्जखात्यात काम केलेल्या कुणालाही हे सुचण्यासारखं आहे. कोणत्या उत्पन्नाला किती कर्ज, कोणता अर्ज नाकारायचा, हे बँकेचे अंतर्गत निकष मात्र गुपित आहेत आणि ते मोघमपणेही सांगायचे नसतात.

सुधारलेली ओळ अशी होईल : ‘एका मोठ्या वित्तसंस्थेत गृहकर्जाच्या निर्णयाला लागणारा वेळ सुमारे एक-तृतीयांशावर आणणाऱ्या गटात कागदपत्र-तपासणीची जबाबदारी माझ्याकडे होती. मालकीहक्काचा शोध आणि मूल्यांकन एकाच वेळी सुरू करणं आणि अपुरे अर्ज सुरुवातीलाच अडवणं, हे त्यातले मुख्य बदल. मोजणी बदलाआधीच्या आणि नंतरच्या सहा-सहा महिन्यांच्या, निर्णयापर्यंत पोहोचलेल्या अर्जांवर केली.’ मोजणीचं शेवटचं वाक्य अनेकांना फालतू वाटेल, पण ओळीला वजन तेच देतं. ग्राहकाला फोन लावून खात्री करता येत नाही, तेव्हा जाणकार वाचक निदान आकडा कशातून आला ते पाहतो. अर्धवट सोडलेले अर्ज धरले की वगळले, एवढ्यानंही सरासरी हलते. ‘कार्यक्षमता ४० टक्क्यांनी वाढली’ असं लिहिणाऱ्याला पहिलाच प्रश्न येतो : कशाच्या ४० टक्के? गटाचं श्रेय एकट्यानं घेतलेलंही अशाच दोन प्रश्नांत उघडं पडतं.

काही ठिकाणी या कसबाचाही उपयोग नसतो. करारात संबंधच गुप्त ठेवायची अट असेल, तर ओळ किती झाकून लिहिली तरी धोका राहतो आणि ग्राहकाची लेखी परवानगी घेणं हाच सरळ रस्ता उरतो. ‘तुमचा उल्लेख करू का?’ असं मोघम विचारलं तर नकार येण्याचीच शक्यता जास्त. वापरायचा मजकूर शब्दशः ईमेलनं पाठवला, तर समोरच्याच्या कायदा विभागाला निदान ठरवायला काहीतरी मिळतं. ग्राहक शेअर बाजारात नोंदलेली कंपनी असेल आणि निकाल अजून जाहीर व्हायचा असेल, तर प्रश्न कराराच्याही पुढे जातो. शेअरच्या भावावर परिणाम करू शकणारी अप्रकाशित माहिती सांगण्यावर सेबीच्या २०१५च्या नियमांनी बंधनं घातली आहेत. अशा वेळी निकाल अधिकृतपणे बाहेर येईपर्यंत परिचयात फक्त कामाचं स्वरूप लिहावं.

परिचय जपून लिहिलेला माणूस मुलाखतीत घसरतो, तेही होतं. ‘आपल्यातच सांगा, कोणती बँक?’ असं हसत विचारलं जातं आणि समोरचा नाव सांगून मोकळा होतो. विचारणाऱ्याला बँकेत रस असतोच असं नाही. उद्या आपलीही गुपितं हा असाच कुठंतरी सांगेल का, हे त्याला कळलेलं असतं. ‘नाव सांगता येणार नाही, पण फाइल टेबलांवरून कशी फिरायची ते काढून दाखवतो,’ असं म्हणून कागद पुढं ओढणाऱ्याची मुलाखत बहुधा लांबते.