एकच्या किती जवळ?

१/२, २/३, ३/४… n/(n+1) ही क्रमिका १ कडे सरकताना दिसते. पण नुसतं दिसणं म्हणजे सिद्धता नव्हे.

समजा, अट अशी: १ पासूनचं अंतर ०.०१ पेक्षा कमी हवं. हे अंतर नेमकं 1/(n+1) असतं. नव्याण्णवाव्या पदाशी ते बरोबर ०.०१ भरतं, म्हणजे अट हुकते. शंभराव्यापासून पुढचं प्रत्येक पद मात्र तिच्यात बसतं.

आता ०.०१ ऐवजी कोणतीही धन संख्या ε घ्या आणि 1/ε पेक्षा मोठी एक नैसर्गिक संख्या N निवडा. मग n ≥ N असताना 1/(n+1) < 1/N < ε. सिद्धता झाली!

०.०१ साठी ही निवड १०१ देते, १०० नव्हे. चालतं, N सर्वांत लहान असण्याची गरज नाही. विद्यार्थी अडखळतात ते क्रमापाशी: ε आधी ठरतो, N त्यानंतर, आणि N कधीही n वर अवलंबून नसतो.