चादरीची पिशवी, पिशवीचं पोतेरं

सोलापुरी चादर विरते ती बहुधा मधून. अंगाखाली रोज घासून तिथले धागे झिजतात, कडेचा कपडा मात्र ठणठणीत राहतो. माझ्या मावशीने अशाच एका चादरीचा मधला विरलेला भाग कापून टाकला आणि कडेच्या कपड्याची बाजाराची पिशवी शिवली. ती पिशवी पुढे चार घरं फिरली. एवढी ती टिकली कशी, हे तिच्या शिवणीत पाहायला मिळतं.

कापडी पिशवी सहसा पोटात फाटत नाही. ती फाटते बंदाच्या टाक्यांशी. पाच किलो तांदूळ भरले, की दोन बंदांचे चार सांधे तो भार वाटून घेतात, म्हणजे प्रत्येकी सव्वा किलो. पण घाईत एकच बंद हातात आला, तर दोन सांध्यांवर प्रत्येकी अडीच किलो येतात, आणि चालताना बसणारे हिसके वेगळेच. बंद नुसता काठाला शिवलेला असला, तर हा सगळा ताण बोटभर कपड्यावर पडतो. मावशीने चार पदरी घडी घालून बंद केले आणि ते काठावर न थांबवता पिशवीच्या तळाखालून फिरवून दुसऱ्या बाजूने वर आणले. त्यामुळे ओझं कपड्यावर लटकत नव्हतं, बंदांवर बसत होतं. काठाशी तिने चौकोन शिवून त्यात फुलीची शिवण घातली. एक टाका उसवला तरी बाकीचे धरून ठेवतात, हा त्यातला फायदा.

मावशीकडून ती आंबे घेऊन आमच्याकडे आली. रिकामी पिशवी परत करायची नाही, ही आईची रीत. त्यामुळे ती तांदूळ घेऊन परत गेली, मग गुळाची ढेप घेऊन पुन्हा आली. अशा देवाणघेवाणीत पिशवी नेमकी कुणाची, हे कुणीच विचारेनासं झालं. पुढे आत्याकडे ती पिठाच्या गिरणीत जाऊ लागली. तिथे तिचं पहिलं मोठं नुकसान झालं. पीठ आतल्या शिवणीत साठतं. ते तसंच राहिलं तर त्यात किडे होतात, आणि ओल लागली की बुरशी धरते. बुरशी सुती धागाच खाते, म्हणून काळे ठिपके पडलेला कपडा धुऊन स्वच्छ दिसला तरी कच्चाच राहतो. उपाय साधा आहे. पिशवी उलटी करायची, शिवणी ब्रशने झाडायच्या, धुऊन उन्हात खडखडीत वाळवायची आणि मगच घडी घालायची.

तळाचा कोपरा विरला तेव्हा आत्याने पिशवी उजेडासमोर धरली. जिथून उजेड जास्त येत होता, तिथे धागे पातळ झाले होते. ठिगळ तिने त्या भागापेक्षा चांगलं मोठं घेतलं आणि त्याच्या कडा घट्ट कपड्यावर शिवल्या. ठिगळ भोकाएवढंच घेतलं, तर टाके विरलेल्या कपड्यातच बसतात आणि पुढच्या ओझ्याला ठिगळाच्या कडेनेच नवी फट पडते.

ब्रिटनच्या पर्यावरण संस्थेने २०११ साली प्रसिद्ध केलेल्या अभ्यासानुसार, हवामानावरच्या परिणामाच्या हिशोबात नवी सुती पिशवी एकदाच वापरलेल्या प्लास्टिकच्या पातळ पिशवीपेक्षा बरी ठरायला ती किमान १३१ वेळा वापरावी लागते. आठवड्याला दोन बाजार धरले तर हे सव्वा वर्षाचं काम आहे. कारण कापूस पिकवणं, सूत कातणं, विणणं, रंगवणं या सगळ्याला पाणी आणि ऊर्जा लागते. चादरीच्या पिशवीच्या बाबतीत हा खर्च चादरीसाठी कधीच होऊन गेला होता; नवा लागला तो फक्त दोरा. म्हणून घरात जुना कपडा असताना फुकट मिळालेल्या नव्या पिशव्यांचा ढीग करण्यात बचत नाही.

या पिशवीचं आयुष्य वाढलं, कारण प्रत्येक घराने तिला आधीपेक्षा हलकं काम दिलं. तांदळानंतर पीठ, पिठानंतर भाजी, मग खिळ्याला टांगून कांदे-लसूण. शेवटी बंद कापले आणि पायपुसणं झालं, त्याचंही पुढे पोतेरं. ही शेवटची पायरी सुती कपड्यालाच जमते, कारण तो पाणी शोषतो. जुन्या टेरिकॉटच्या पँटची पिशवी मजबूत होते, पण तिचं पुसणं पाणी नुसतं पसरवतं. कपडा कशाचा आहे हे कळत नसेल, तर एक धागा काढून चिमट्यात धरून जाळावा. सुती धागा कागदासारखा जळून मऊ राख होते. पॉलिएस्टर वितळून त्याची कडक गुठळी होते.

पोतेऱ्याच्या चिंध्या झाल्यावर आत्याने त्या कुंडीतल्या मातीत मिसळल्या, पण आधी शिवणी उसवल्या. निव्वळ सुती चिंधी मातीत कुजते. शिलाईचा दोरा हल्ली बहुधा पॉलिएस्टरचा असतो आणि तो तसाच राहतो, म्हणून तो ओढून वेगळा काढावा लागतो.