आठवणीचा एक मेसेज किती क्रेडिटचा?

अपॉइंटमेंट घेण्याचं काम आता अनेक दवाखाने, शिकवण्या, समुपदेशक आणि वकील एका लिंकवर सोपवतात. रुग्ण किंवा अशील लिंक उघडतो, मोकळ्या वेळांपैकी एक निवडतो, नाव आणि मोबाइल नंबर भरतो आणि वेळ पक्की होते. आदल्या दिवशी त्याला आठवणीचा मेसेज जातो. कॅलेंडली, कॅल डॉट कॉम, मायक्रोसॉफ्ट बुकिंग्ज, गूगल कॅलेंडरचं अपॉइंटमेंट पान ही सगळी याच कामाची साधनं. अशा काही साधनांच्या योजनांचा तक्ता उघडला की तीन आकडे ठळक दिसतात: किती कॅलेंडरं जोडता येतील, किती इव्हेंट टाइप ठेवता येतील आणि महिन्याला मेसेजची किती क्रेडिटं मिळतील. पहिले दोन आकडे वाचले की बहुतेक कळतात. तिसरा मात्र मराठीत मेसेज पाठवणाऱ्यांना हमखास चकवतो, म्हणून त्यावरच जास्त बोलायला हवं.

एक उदाहरण घेऊन पुढे जाऊ. पुण्यातल्या एका फिजिओथेरपिस्टबाई समजा. सकाळी स्वतःचं क्लिनिक, दुपारी एका रुग्णालयात काम आणि घरचं वेळापत्रक वेगळं. क्लिनिकच्या कामाचं कॅलेंडर गूगलच्या एका खात्यात आहे, घरचं दुसऱ्या खात्यात आणि रुग्णालयाचं आउटलुकमध्ये.

साधनाने कॅलेंडर जोडून घेण्यामागे दोन कामं असतात आणि ती वेगळी ओळखायला हवीत. एक, तुमच्या आधीच्या कामांवर नजर ठेवून त्या वेळा लिंकवरून लपवणं. दुसरं, नवी अपॉइंटमेंट ठरली की ती कुठल्या तरी एका कॅलेंडरात लिहिणं. लिहिण्यासाठी एकच कॅलेंडर पुरतं, पण नजर सगळ्यांवर हवी. बाईंनी फक्त क्लिनिकचं खातं जोडलं, तर रुग्णालयातल्या दुपारच्या वेळा लिंकवर मोकळ्या दिसतील आणि लोक त्या घेतील. कॅलेंडलीच्या मोफत योजनेत एकच खातं जोडता येतं, त्यामुळे बाईंची अडचण पहिल्याच पायरीवर येते. इथे मोजलं जातं ते बहुधा खातं. एका गूगल खात्यात तुम्ही ‘क्लिनिक’, ‘घर’, ‘वाढदिवस’ अशी चार कॅलेंडरं केली असली, तरी जोडणी एकच धरली जाते आणि त्या चारांपैकी कोणती तपासायची ते आत निवडता येतं. म्हणजे घरची कामं क्लिनिकच्याच खात्यात वेगळ्या कॅलेंडरवर आणली, तर एक जोडणी वाचते. काही साधनं मात्र प्रत्येक कॅलेंडर सुटं मोजतात, तेव्हा तक्त्याखालचं स्पष्टीकरण वाचून घ्यावं.

सगळी कॅलेंडरं जोडूनही एकाच वेळेला दोन माणसं दारात उभी राहिली, तर बहुतेक वेळा कारण योजनेत नसतं, नोंदीत असतं. गूगल कॅलेंडरमध्ये दिवसभराची नोंद केली की तिची स्थिती आपोआप ‘मोकळा’ अशी राहते. ‘कोल्हापूरला लग्न’ असं दिवसभरासाठी लिहून बाई निर्धास्त होतात आणि लिंकवर तो अख्खा दिवस उघडाच असतो. नोंद उघडून स्थिती `Busy` केली की दिवस बंद होतो. दुसरं कारण म्हणजे पत्ता टाकून वर्गणीसारखं घेतलेलं कॅलेंडर. ते ताबडतोब ताजं होत नाही, त्यात बदल उतरायला कित्येक तास लागतात. रुग्णालयाने वेळापत्रक अशा पत्त्याने दिलं असेल, तर सकाळी बदललेली पाळी दुपारपर्यंत साधनाला कळलेली नसेल.

इव्हेंट टाइप म्हणजे अपॉइंटमेंटचा साचा. त्यात किती मिनिटं, कुठे, आधी-मागे किती सुटी जागा, किती तास आधी नोंदवावं, दिवसाला जास्तीत जास्त किती आणि रुग्णाला कोणते प्रश्न विचारायचे हे सगळं ठरवून ठेवता येतं. बाईंना पहिल्या तपासणीसाठी पाऊण तास, नंतरच्या बैठकीसाठी अर्धा तास आणि व्हिडिओवरच्या सल्ल्यासाठी वीस मिनिटं हवी आहेत, म्हणजे तीन साचे. कॅलेंडलीच्या मोफत योजनेत एका वेळी एकच चालू राहतो, सशुल्क योजनेत ही मर्यादा उठते. मोजले जातात ते चालू साचे. बंद करून ठेवलेले मोजले जात नाहीत, त्यामुळे वर्षातून एकदा लागणारं शिबिर बंद ठेवून वेळ आली की चालू करता येतं. साचे तीन असले तरी वेळ एकच असते हे साधनाला ठाऊक असतं. एका साच्यातून साडेअकरा गेली की बाकी दोघांतूनही ती नाहीशी होते. म्हणून साच्यांची संख्या फार मनावर घेऊ नये. तीन खरोखर वेगळी कामं असतील तर तीन साचे हवेत. फक्त मिनिटं वेगळी असतील, तर ज्या साधनात एकाच साच्यात कालावधी निवडता येतो तिथे एकानेच भागतं.

आता क्रेडिट. ‘महिन्याला ५०० क्रेडिट’ असं वाचल्यावर मनात ‘५०० मेसेज’ असंच येतं. ते दर वेळी खरं नसतं, आणि त्याचं कारण एसएमएसच्या घडणीत आहे. एका एसएमएसमध्ये १४० बाइट मजकूर मावतो. रोमन अक्षरांसाठी एका चिन्हाला सात बिट पुरतात, म्हणून त्यात १६० चिन्हं बसतात. देवनागरीसाठी एका चिन्हाला सोळा बिट लागतात, म्हणून ७० बसतात. मजकूर याहून लांब झाला की त्याचे तुकडे पडतात आणि ते जोडण्याची माहिती प्रत्येक तुकड्यात भरावी लागते. मग रोमन तुकड्यात १५३ आणि देवनागरी तुकड्यात ६७ चिन्हं उरतात. वाचणाऱ्याच्या फोनवर तुकडे जोडून सलग मेसेज दिसतो, त्यामुळे पाठवणाऱ्यालाही तो एकच वाटतो. दूरसंचार कंपनी मात्र तुकड्यांचे पैसे घेते आणि अनेक साधनं क्रेडिटही त्याच हिशेबाने वजा करतात.

देवनागरीतली मोजणी डोळ्यांना दिसते त्याहून जास्त भरते. काना, मात्रा, वेलांटी, अनुस्वार आणि जोडाक्षरातला हलन्त हे प्रत्येकी एक चिन्ह धरलं जातं. ‘कळवा’ची चार चिन्हं होतात आणि ‘संध्याकाळपर्यंत’ या एका शब्दाची पंधरा. बाईंचा मेसेज असा आहे:

```
नमस्कार, उद्या शनिवारी सकाळी ११:३० वाजता तुमची अपॉइंटमेंट आहे. वेळ बदलायची असल्यास आज संध्याकाळपर्यंत कळवा.
```

मोकळ्या जागा धरून ही १०७ चिन्हं झाली. ७० ची रेघ ओलांडली, म्हणजे दोन तुकडे. त्यात ‘सुलोचना कुलकर्णी’ असं नाव आणि मागची मोकळी जागा मिळून १७ चिन्हं वाढली, बेरीज १२४, तरी तुकडे दोनच. शेवटी वेळ बदलण्याची ४० चिन्हांची लिंक आणि तिच्याआधीची जागा जोडली की बेरीज १६५ होते. दोन तुकड्यांत १३४ मावतात, म्हणून तीन तुकडे पडतात. लिंक रोमन अक्षरांत आहे म्हणून ती स्वस्त पडत नाही. मेसेजात देवनागरीचं एक जरी चिन्ह असलं, तरी सगळा मजकूर सोळा बिटांनी मोजला जातो. इंग्रजी मेसेज पाठवणाऱ्यांनाही हे लागू आहे. फीचा आकडा लिहिताना `₹` हे चिन्ह वापरलं किंवा वर्डमधून नक्कल करताना वळणदार अवतरणचिन्ह आलं, की १६० ची मर्यादा झटकन ७० वर येते. तिथे `Rs` लिहिणं आणि साधं सरळ अवतरणचिन्ह ठेवणं हाच उपाय.

हिशेब पुरा करू. दिवसाला सहा अपॉइंटमेंट, महिन्याला पंचवीस दिवस. प्रत्येकाला एक आठवण आदल्या दिवशी आणि एक तासभर आधी. दिवसाला बारा मेसेज, प्रत्येकी तीन तुकडे, म्हणजे ३६ क्रेडिट. पाचशेचा साठा चौदाव्या दिवशी संपतो आणि महिन्याचे शेवटचे अकरा दिवस उरतात. आता मजकूर आवळू:

```
उद्या शनिवार सकाळी ११:३० ला अपॉइंटमेंट. बदल असल्यास आज कळवा.
```

ही ६० चिन्हं, एकच तुकडा. तेवढेच मेसेज, पण महिन्याला ९०० ऐवजी ३०० क्रेडिट. नाव मात्र घालू नये. ‘उमा’ आणि स्वल्पविराम घातला तर ६५ होतात आणि तुकडा एकच राहतो. ‘सुलोचना कुलकर्णी’ घातलं की ७८ होतात आणि दुसरा तुकडा पडतो. आपोआप भरल्या जाणाऱ्या नावामुळे एकच मेसेज कुणाला एका क्रेडिटचा आणि कुणाला दोन क्रेडिटचा पडतो, आणि महिन्याचा हिशेब कधी जुळत नाही तो यामुळेच. लिंक ईमेलच्या आठवणीत द्यावी, तिथे तुकडे मोजले जात नाहीत.

क्रेडिट कधी वजा होतं हेही पाहायला हवं. साधारणतः मेसेज पाठवला की क्रेडिट जातं, तो पोहोचला की नाही याने फरक पडत नाही. चुकीच्या नंबरवर गेलेला मेसेजही मोजला जातो. तीच आठवण बाईंना स्वतःला आणि स्वागतकक्षालाही जात असेल, तर तीन माणसांना तीन मेसेज. वेळ रद्द केल्याचा किंवा बदलल्याचा मेसेज वेगळा. काही साधनांत क्रेडिट हे पैशाचं एकक असतं आणि कुठल्या देशात मेसेज जातो त्यावर किती वजा होणार ते ठरतं. अमेरिकेतल्या भाचीला गेलेला मेसेज आणि साताऱ्याच्या रुग्णाला गेलेला मेसेज सारखा पडत नाही. उरलेली क्रेडिटं पुढच्या महिन्यात धरतात का, ती माणशी मिळतात की साऱ्या क्लिनिकला मिळून, आणि संपल्यावर आठवण ईमेलवर वळते, थांबते की वरचे पैसे आकारले जातात, या तीन गोष्टी विकत घेण्याआधी लेखी विचाराव्यात. शेवटचा प्रश्न सगळ्यांत महत्त्वाचा, कारण थांबलेली आठवण कुणाला दिसत नाही. रुग्ण आलाच नाही की मग कळतं.

भारतात आणखी एक अट आहे. दूरसंचार नियामक प्राधिकरणाच्या २०१८ च्या नियमांनुसार व्यावसायिक एसएमएस पाठवणाऱ्याला आपलं नाव आणि मेसेजचा साचा आधी नोंदवावा लागतो आणि मजकूर साच्याशी जुळला नाही तर मेसेज अडतो. परदेशी साधन हे काम तुमच्यासाठी करतं की मेसेज आंतरराष्ट्रीय मार्गाने पाठवतं, यावर दर आणि पोहोच दोन्ही अवलंबून असतात. व्हॉट्सअ‍ॅपवर आठवण पाठवली तर लिपीचा प्रश्न उरत नाही. तिथे तुकडे नाहीत आणि जुलै २०२५ पासून आकारणी प्रत्येक मेसेजवर होते, साचा मात्र तिथेही आधी मंजूर करून घ्यावा लागतो. माझ्या मते मराठीत आठवण पाठवणाऱ्या छोट्या दवाखान्याला हाच मार्ग जास्त सोयीचा आहे. रुग्ण वयस्कर असतील आणि साधा फोन वापरत असतील, तर एसएमएसला पर्याय नाही.

तुमचं साधन तुकडे मोजतं की मेसेज, हे ओळखायची सोपी रीत आहे. वापराच्या पानावर आजची शिल्लक लिहून ठेवा. स्वतःच्या नंबरने एक चाचणी अपॉइंटमेंट घ्या, नाव लांब भरा आणि आठवण येऊ द्या. मग शिल्लक पुन्हा पाहा. एक वजा झालं असेल तर मजकूर हवा तसा लिहा. दोन-तीन वजा झाली असतील, तर मोठी योजना घेण्याआधी मजकूर सत्तर चिन्हांत बसवा.