आधार पुसले की बीम सुटतो

इंजिनिअरिंग मेकॅनिक्सच्या पेपरात बीमच्या रिअ‍ॅक्शनचा प्रश्न बहुधा असतोच. त्यातली आकडेमोड दहावीच्या मुलालाही जमेल इतकी सोपी, तरीही मार्क जातात. चुकते ती आकृती. समीकरणांना आकृती बरोबर आहे की चूक, हे कळत नाही.

एक प्रश्न घेऊ. आठ मीटर लांबीचा आडवा बीम आहे. डाव्या टोकाला A या बिंदूवर हिंज आणि तिथून सहा मीटरवर B या बिंदूवर रोलर. पुढचे दोन मीटर छज्जासारखे बाहेर आले आहेत आणि त्या टोकाला, C वर, 9 किलोन्यूटनचा भार टांगला आहे. शिवाय A पासून पहिल्या तीन मीटरवर दर मीटरला 4 किलोन्यूटन असा सारखा पसरलेला भार आहे, ज्याला मुले यूडीएल म्हणतात. बीमचे स्वतःचे वजन धरायचे नाही. A आणि B वरच्या रिअ‍ॅक्शन काढायच्या.

पहिले काम फ्री बॉडी डायग्रामचे. बीम एकटाच काढायचा, हिंज आणि रोलर पुसून टाकायचे आणि त्यांच्या जागी ते बीमवर जे बल लावतात तेवढेच दाखवायचे. रोलर फक्त पृष्ठभागाला काटकोनात रेटतो, म्हणून B वर एकच उभा बाण. हिंज बीमला आडवेही हलू देत नाही, म्हणून A वर दोन बाण, एक उभा आणि एक आडवा. इथे आडवा भार नसल्याने आडवी रिअ‍ॅक्शन शून्य येणार हे दिसत असले, तरी तो बाण काढावाच. पुढच्या प्रश्नात भार तिरका आला, की हाच बाण विसरला जातो. आधाराचे चित्रही ठेवायचे आणि बाणही काढायचे, हे मात्र चालत नाही, कारण मग एकच गोष्ट दोनदा दाखवली जाते.

आता यूडीएल. एकूण भार 4 गुणिले 3, म्हणजे 12 किलोन्यूटन, आणि तो पसरलेल्या भागाच्या मध्यावर, A पासून दीड मीटरवर.

समीकरणे तीनच: ΣFx = 0, ΣFy = 0, ΣM = 0. सुरुवात मोमेंटपासून करावी आणि बिंदू A घ्यावा, कारण A मधून जाणाऱ्या दोन्ही अज्ञात बलांचे तिथले अंतर शून्य असते. एका समीकरणात एकच अज्ञात उरतो. दोन्ही भार बीमला A भोवती घड्याळाच्या दिशेने फिरवू पाहतात, B ची रिअ‍ॅक्शन उलट दिशेने:

RB × 6 = 12 × 1.5 + 9 × 8 = 90

म्हणून RB = 15 किलोन्यूटन. उभ्या बलांची बेरीज शून्य, म्हणून RA = 12 + 9 − 15 = 6 किलोन्यूटन.

ताळा करताना पुष्कळ जण 15 आणि 6 ची बेरीज 21 आली म्हणून समाधान मानतात. पण RA त्याच बेरजेतून काढला, तेव्हा ती जुळणारच. खरा ताळा B भोवतीच्या मोमेंटचा: 12 × 4.5 वजा 9 × 2 म्हणजे 36, आणि RA × 6 सुद्धा 36.

हा ताळा आकडेमोडीतली चूक पकडतो, आकृतीतली पकडत नाही. समजा कोणी 12 किलोन्यूटन A आणि B च्या मध्यावर, तीन मीटरवर ठेवले. मग RB 18 आणि RA 3 येईल. बेरीज 21. B भोवतीचा मोमेंटही चोख जुळेल, कारण चुकीच्या आकृतीचे ते बरोबर उत्तर आहे. म्हणून समीकरण लिहिण्याआधी प्रश्नातल्या चित्रावर बोट ठेवून एकेक भार किती, कुठे सुरू होतो, कुठे संपतो हे आकृतीशी ताडून बघावे. त्यात जाणारा एक मिनिट सत्कारणी लागतो.

याच बीमवर कुठेही घड्याळाच्या दिशेने 12 किलोन्यूटन-मीटरचे कपल दिले, तर ते ΣFy मध्ये येत नाही आणि मोमेंटमध्ये थेट 12 म्हणून मिळवायचे, अंतराने न गुणता. RB 17 होतो, RA 4. ते बीमवर कुठे लावले याने रिअ‍ॅक्शन बदलत नाहीत.

कपल काढून C वरचा भार वाढवत नेला, तर RA कमी होत जातो आणि 27 किलोन्यूटनला शून्य होतो. भार 30 केला की RA वजा 1 येतो. हे उत्तर खोडू नये. आपण बाण वर धरला होता, प्रत्यक्षात हिंज बीमला खाली ओढून धरतो आहे एवढाच त्याचा अर्थ. A ला हिंजऐवजी बीम भिंतीवर नुसता टेकवला असता, तर 27 च्या पुढे ते टोक उचलले गेले असते.